काल्पनिक जगातली भाषा खरी वाटावी म्हणून नक्की काय करतात?

नेरूळचा_निनाद
नमस्कार मंडळी. मी एक कादंबरी लिहितोय. जग पूर्ण काल्पनिक आहे: एक मोठी खाडी, काठावर कोळी-व्यापारी लोक, मागे डोंगर आणि तिथे वेगळी जमात. नकाशा काढून झाला, पण नावांपाशी अडलोय. गावांची नावं ठेवली क्झारथुन, मेल'दोर, वाएलिस, ग्रूम्ब. घरी वाचून दाखवल्यावर बहीण म्हणाली, "ही सगळी नावं एकाच माणसाला एकाच दुपारी सुचल्यासारखी वाटतात." तिचं म्हणणं मला पटलं. मोठ्या लेखकांच्या जगात एखादं नाव पहिल्यांदा वाचलं तरी ते तिथे हजार वर्षं असल्यासारखं वाटतं. ते कसं साधतात? मला व्याकरणातलं फार कळत नाही, तेव्हा अगदी पहिलीपासून सांगा.

पाचपाखाडी_पम्या
मस्त विषय! आम्ही लहानपणी चाळीत 'च'ची भाषा बोलायचो. 'चलामा चळेशात चायचंजा' असं काहीतरी. घरच्यांना ओ की ठो कळायचं नाही. तुझ्या डोंगरी लोकांना तीच दे की, आयती तयार आहे.

मीरा_कळवा
पम्या, आम्ही 'फ'ची बोलायचो, त्यामुळे तुमची ती गावंढळ. :)

सविता_घोडबंदर
निनाद, पम्याने गमतीत लिहिलंय, पण नवखा माणूस बहुतेक वेळा नेमकं हेच करतो, म्हणून तिथूनच सुरू करते. 'च'ची भाषा ही कुलूप लावलेली मराठी आहे. कुलूप काढलं की आत मराठीच सापडते, शब्दाला शब्द. लेखक पाण्याला 'झूर' आणि घराला 'माक' म्हणतो आणि वाक्य मात्र आपल्याच साच्यात रचतो, तेव्हाही तसंच होतं. ओळखायचं कसं? 'मला भूक लागली' हे तुझ्या भाषेत सांगून बघ. मराठीत भूक ही कर्ती आहे, ती येऊन मला लागते. इंग्रजीत माणूसच भुकेला असतो. तुझे कोळी काय म्हणतात? 'भूक माझ्यात आहे' की 'मी भूक धरतो'? हा प्रश्नच पडला नसेल, तर भाषा अजून मराठीच आहे असं समज.

पण तुला वाक्यं नकोत, नावं हवी आहेत. ते काम वेगळं आणि बरंच आटोक्यातलं आहे. रात्री सविस्तर लिहिते.

वाशीचा_विक्रांत
यात एवढं काय अवघड आहे? टॉल्किनने फिनिश भाषा घेतली, थोडी वळवली, झाली एल्फांची भाषा. आपण तमिळ किंवा कोकणी घेऊन वळवायची. 'बाहुबली'तली किलिकी ऐकली ना? कालकेय लोक बोलतात ती. लोकांना कडकड आवाज ऐकू आले की पुरे होतं, अर्थ कोण बघतंय.

सविता_घोडबंदर
विक्रांत, अर्धं बरोबर आहे. क्वेन्या या त्याच्या भाषेला फिनिशचा नाद आहे, आणि सिंदारिन या दुसरीला वेल्शचा. तो नाद त्याने उघडपणे घेतला. शब्द मात्र उचलून वळवलेले नाहीत. त्याने आधी एक जुनी भाषा कल्पिली आणि तिच्यातून या दोघी काढल्या. त्यामुळे त्या बहिणी वाटतात.

एकच उदाहरण देते. झाडासाठी जुना शब्द 'गलदा'. क्वेन्यात पहिला ग गळला, मधला अ गळला, राहिलं 'अल्दा'. सिंदारिनमध्ये ग टिकला, शेवटचा स्वर गळला आणि द मऊ झाला, म्हणून 'गलध'. अल्दा आणि गलध नकाशावर शेजारी आले तर वाचणाऱ्याला नियम ठाऊक नसतो, पण कानाला नातं लागतं.

किलिकीचंही ते वर्णन अपुरं आहे. मदन कार्की यांनी ती व्याकरणासकट रचली होती. पडद्यावर आवाजच जाणवतो हे मान्य. पण निनादला कागदावर काम करायचंय, तिथे आवाज वाचकाच्या मनात उमटतो.

माजिवड्याचे_अण्णा
सविताताई, जुन्या भाषेतून नवी काढायची हे वाचायला छान आहे, पण हे पहिलीचं झालं नाही. थोडं आपल्या मातीतलं सांगा.

सविता_घोडबंदर
अण्णा, तुमच्या घरापासून जवळच आहे ते. ठाणे स्टेशन.

शिलाहारांच्या लेखांत या गावाचं नाव 'श्रीस्थानक' असं येतं. पिढ्यान् पिढ्या तोंडात घोळून 'स्थानक'मधला 'स्थ' झाला 'ठ', शेवटचा क गळला आणि उरलं ठाणे. पुढे आधुनिक मराठीला स्टेशनसाठी शब्द हवा होता, तेव्हा आपण संस्कृतातून 'स्थानक' पुन्हा कोरा करकरीत उचलला. म्हणजे 'ठाणे स्थानक' या पाटीवर एकच शब्द दोनदा आहे, एकदा झिजलेला आणि एकदा न झिजलेला. ही पाटी रोज वाचताना हे कुणाच्या मनात येत नाही. खरी भाषा अशीच असते, तिचे जोड बोलणाऱ्यालाच दिसत नाहीत.

आणि ही झीज लहरीने होत नाही. दोन स्वरांमध्ये सापडलेला प बऱ्याचदा व झाला, म्हणून दीपकचा दिवा आणि पल्लीची वली. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली ही सगळी त्याच घरातली. दोन स्वरांमधला ग गळाला, म्हणून नगरचं नेर झालं: संगमनेर, अंमळनेर, पारनेर. झीज ठरावीक जागी आणि ठरावीक अक्षराला होते, म्हणून लांबलांबच्या गावांची नावं एका कुळातली वाटतात. क्झारथुन आणि वाएलिस यांच्यात अशी कुठलीच झीज दिसत नाही. बहिणीला खटकलं ते हेच.

मीरा_कळवा
बापरे. मी रोज त्या पाटीखाली उभी असते.

नेरूळचा_निनाद
आता कळायला लागलं. पण करायचं कसं? मला हजार वर्षांचा इतिहास लिहायला जमणार नाही.

सविता_घोडबंदर
हजार वर्षं नकोत. दोन-तीन डझन शब्द आणि तीन-चार नियम पुरतात. चल, तुझ्याच खाडीसाठी करून बघू.

आधी जुनी भाषा. तिच्यात कोणते आवाज आहेत ते ठरव, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणते नाहीत. आपण म्हणू की तिच्यात प, त, क आहेत पण ब, द, ग नाहीत. जोडाक्षरं नाहीत. शब्द साधे: सेपु म्हणजे पाणी, नोकि म्हणजे डोंगर, विपा म्हणजे माणूस. अनेकवचनाला शेवटी न लागतो: नोकिन म्हणजे पुष्कळ डोंगर, विपान म्हणजे माणसं.

आता खाडीकाठच्या लोकांच्या तोंडी तीन बदल होतात, आणि याच क्रमाने. पहिला, इ-च्या आधीचा क च होतो. दुसरा, शब्दाच्या अगदी शेवटी असलेला स्वर गळतो. तिसरा, दोन स्वरांमध्ये राहिलेले प, त, क, च हे ब, द, ग, ज होतात.

नोकि घे. आधी नोचि, मग शेवटची इ गेली, नोच. च आता शेवटी आहे, दोन स्वरांमध्ये नाही, म्हणून तिसरा नियम त्याला लागतच नाही. डोंगर म्हणजे नोच.

आता नोकिन. आधी नोचिन. शेवटी न आहे, स्वर नाही, म्हणून काही गळत नाही. पण च दोन स्वरांमध्ये सापडला, तो ज झाला. डोंगर अनेक असले की नोजिन.

एक डोंगर नोच, अनेक डोंगर नोजिन. हा अपवाद मी मुद्दाम घातलेला नाही, तो आपोआप पडला. विपाचंही तसंच: एक माणूस विप, अनेक विबान. परक्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण त्यामागे कारण आहे आणि ते कारण सगळीकडे सारखं लागतं. आपण कापूस म्हणतो पण कापसाचा म्हणतो, देऊळ पण देवळात, तेही असंच. बनावट भाषेत एकतर अपवादच नसतात, नाहीतर इकडेतिकडे पेरलेले असतात.

माजिवड्याचे_अण्णा
क्रम बदलला तर?

सविता_घोडबंदर
फार बरा प्रश्न. तिसरा नियम दुसऱ्याच्या आधी लावा. नोकि, नोचि, मग च दोन स्वरांमध्ये आहे म्हणून नोजि, मग शेवटची इ गेली, नोज. अनेकवचन नोजिनच राहतं. म्हणजे नोज, नोजिन, सगळं सरळ आणि अपवाद गायब. नियम तेच, क्रम वेगळा, भाषा वेगळी. एका भाषेच्या दोन बोली करायच्या असतील तर दोन गावांना हे दोन क्रम देऊन टाकावेत. एवढंही पुरतं.

ऐरोली_आयटी
आमच्यासारख्यांना हे बघून हात शिवशिवतात. हे घ्या, प आणि च पुरतंच लिहिलंय:

```python
import re
rules = [(r'k(?=i)', 'c'), (r'[aeiou]$', ''),
         (r'(?<=[aeiou])p(?=[aeiou])', 'b'),
         (r'(?<=[aeiou])c(?=[aeiou])', 'j')]
for w in ['noki', 'nokin', 'sepunoki']:
    for a, b in rules:
        w = re.sub(a, b, w)
    print(w)
```

नोच, नोजिन आणि तिसरा सेबुनोच असं येतं. शब्द रोमनमध्ये ठेवलेत ते नाइलाजाने. देवनागरीत व्यंजनातला अ वेगळा लिहिला जात नाही, आणि इ हा स्वर आणि त्याची वेलांटी ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी चिन्हं आहेत. 'दोन स्वरांमध्ये' ही अट तिथे लिहायची तर डोकं फिरतं.

सविता_घोडबंदर
वा! आणि तिसरा शब्द तुम्ही नेमका घेतलात. सेपुनोकि म्हणजे पाणडोंगर, धबधबा असलेला. त्याचं सेबुनोच झालं. पण खाडीवाल्यांच्या आजच्या भाषेत पाणी म्हणजे सेप. तिथल्या पोराला विचारलं तर 'सेबु' म्हणजे काय ते त्याला सांगता येणार नाही, जसं डोंबिवलीतली वली म्हणजे काय ते आपल्याला चटकन सांगता येत नाही. नकाशावर हेच नाव घाल.

डोंगरातल्या जमातीला वेगळे बदल दे. शब्दारंभीचा स त्यांच्याकडे ह होतो, लांब शब्दातला मधला उ गळतो, आणि न-च्या आधी आलेला प म होतो. सेपुनोकि, हेपुनोकि, हेपनोकि, हेमनोकि. खाडीवाले ज्या डोंगराला सेबुनोच म्हणतात त्यालाच ते हेमनोकि म्हणतात. त्यावरून भांडण, करार, लग्न, काय हवं ते कथेत होऊ दे.

मीरा_कळवा
ताई, एक शंका. हेमनोकि वाचलं की मला सोनं दिसतं. हेम म्हणजे सोनं ना. मराठी वाचक तोच अर्थ लावणार.

नेरूळचा_निनाद
अरे हो! मग सेपुऐवजी सिपु करू?

मीरा_कळवा
हिमनोकि होईल. आता बर्फ.

पाचपाखाडी_पम्या
सोपु करा. होमनोकि. भटजींना बोलवा. आणि मूळचं सेपु ठेवलं तर मला शेपूची भाजी आठवते ते वेगळंच.

सविता_घोडबंदर
मीराचा मुद्दा अगदी खरा आहे आणि परभाषेतल्या मार्गदर्शनात तो सापडत नाही, कारण तो आपल्या वाचकाचा प्रश्न आहे. प्रत्येक नाव मराठी कानाने तपासायलाच हवं. पण निनाद, मूळ शब्द बदलत बसू नकोस. मूळ शब्द पुष्कळ नावांत असतो. नियम बदल. प-चा म होण्याचा नियम काढून टाक, हेपनोकि राहील. मात्र नियम काढला की संपूर्ण यादी पुन्हा फिरवायची, एकच नाव सुधारून चालत नाही. एका नावापुरता नियम वाकवला तर आपण पुन्हा मेल'दोरपाशी येतो.

वाशीचा_विक्रांत
मेल'दोरमध्ये वाईट काय आहे? तो वरचा फटका सगळेच वापरतात. भारी दिसतो.

सविता_घोडबंदर
ज्यांनी विचार करून वापरला त्यांच्याकडे तो एक आवाज असतो. मार्क ओक्रँडने 'स्टार ट्रेक'साठी रचलेल्या क्लिंगॉन भाषेत ते चिन्ह म्हणजे घशात क्षणभर श्वास अडवणं, आणि ते तिथे प किंवा त सारखं पूर्ण व्यंजन आहे. तुझ्या भाषेत तसा आवाज असेल तर तो आणखी वीस शब्दांतही दिसला पाहिजे. मेल'दोरमध्ये निनाद त्याचा उच्चार काय करतो?

नेरूळचा_निनाद
काहीच नाही. मेलदोर.

सविता_घोडबंदर
मग काढून टाक. देवनागरीत तर तो आणखी उपरा दिसतो.

माजिवड्याचे_अण्णा
मला एक वेगळी अडचण दिसते. नियम लावून काढलेली सगळी नावं एकाच वळणाची झाली तर तेही खोटंच वाटेल. आमच्या ठाण्यात बघा, माजिवडा आहे, कोपरी आहे, आणि घोडबंदरही आहे. बंदर तर फारशी. एका गावात किती राजवटी झाल्या!

सविता_घोडबंदर
अण्णा, हे मीच आधी सांगायला हवं होतं असं तुम्ही बोललात. नावांचे थर असतात. जो शब्द बदल होऊन गेल्यावर भाषेत शिरतो त्याला ते बदल लागत नाहीत. ठाणे जुनं म्हणून झिजलं, स्थानक नंतर आलं म्हणून शाबूत राहिलं. निनाद, समज तुझ्या खाडीत पुजाऱ्यांनी जुनी भाषा मंत्रांसाठी जपली आहे. मग साधा डोंगर नोच, पण देवाचा डोंगर नोकि, न झिजलेला. देवस्थानांची नावं जुनी पूर्ण आणि मासेबाजाराची झिजलेली. आणि समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांची पाच-सहा नावं अशी दे की ज्यांत ग्र, स्त असली जोडाक्षरं असतील, जी या भाषेत मुळात नाहीत. तुझं ग्रूम्ब तिथे बंदराचं नाव म्हणून सुखाने बसेल. फक्त खाडीवाल्यांना ते धड म्हणता येणार नाही, ते गुरूम म्हणतील.

वाशीचा_विक्रांत
म्हणजे भाषा काळाबरोबर सोपी होत जाते, असंच ना? स्थानकचं ठाणे, सेपुनोकिचं सेबुनोच.

सविता_घोडबंदर
उच्चार सोपा होतो, पण त्या नादात व्याकरण गुंतागुंतीचं होतं. नोकि-नोकिन सरळ होतं, नोच-नोजिन नाही. मग पोरं ते पुन्हा सरळ करायला बघतात. लहान मूल 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं ना? त्याने नियम बरोबर ओळखलेला असतो, शब्द मात्र नियमाबाहेरचा असतो. तुझ्या खाडीतही तरुण पोरं नोचिन म्हणतील आणि म्हातारे त्यांना टोकतील. रोजच्या वापरातले शब्द मोडके राहतात, कारण ते पुन्हा पुन्हा कानावर पडतात. क्वचित लागणारे सरळ होऊन जातात. म्हणून अपवाद ठेवायचे ते माणूस, पाणी, डोंगर, जाणं, येणं अशा शब्दांत. 'खगोलयंत्र'चं अनेकवचन विचित्र ठेवलंस तर ते पटणार नाही.

ऐरोली_आयटी
एक विरोधी मत. मी खूप फँटसी वाचतो. नावांच्या मागे ही गणितं आहेत की नाहीत ते मला कधीच कळलं नाही, आणि नसली तरी पुस्तक आवडलं. लेखकाने सहा महिने यात घालवावेत का?

सविता_घोडबंदर
सहा महिने नक्कीच नकोत. पात्रांच्या तोंडी पूर्ण वाक्यं नसतील तर क्रियापदांना हातही लावू नये. वाचकाला गणित कळतं असं माझं म्हणणं नाही. निनादच्या बहिणीला गणित न कळता खटकलं, एवढंच मी बघते.

ऐरोली_आयटी
बहीण एक, वाचक हजार. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण नियमांची फाईल मी वाढवून देतो, मजा येतेय.

नेरूळचा_निनाद
सगळ्यांचे आभार. रात्री बसून पहिली यादी केली. खाडीकाठची गावं: सेबुनोच, विबानोच (विपानोकि, माणसांचा डोंगर), तुलोद (तुलोता, तुला म्हणजे मीठ आणि ओता म्हणजे काठ, जोडताना एक स्वर गेला). डोंगरात: हेपनोकि, विपानोकि. देवस्थान: सेपुनोकि, पूर्ण. बंदर: ग्रूम्ब.

सविता_घोडबंदर
छान. पण तुलोद पुन्हा बघ. तुलोता, शेवटचा आ गेला, तुलोत. आता त शेवटी आहे, दोन स्वरांमध्ये नाही. तो द होणार नाही.

नेरूळचा_निनाद
म्हणजे तुलोत. पण कानाला तुलोद जास्त गोड लागतंय...

सविता_घोडबंदर
मग ते क्रम उलटा असलेल्या दुसऱ्या बोलीतलं गाव कर. खाडीच्या पलीकडच्या तीरावर टाक, आणि तिथली बाकीची नावंही त्याच क्रमाने काढ.

पाचपाखाडी_पम्या
पलीकडच्या तीरावर डोंगराला नोज म्हणतात ना मग? बघा, शिकलो मी पण.

माजिवड्याचे_अण्णा
सविताताई, आकड्यांचं काय करायचं? दहावर मोजायचं की विसावर? आमची आजी 'दोन विसा' म्हणायची.

सविता_घोडबंदर
अण्णा, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते. कोळ्यांची मासे मोजायची पद्धत आधी विचारून ठेवा.